सायकलचा टायर '२६ इंची' मागितला, '२६ इंची'च मिळाला, तरी बसत नाही? आधी मिलिमीटर बघा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मी सायकली दुरुस्त करत बसतो, धंदा म्हणून नाही, हौस म्हणून. पंक्चर, ब्रेक, चेन हे चालूच असतं, पण एक गोष्ट वर्षातून सात-आठ वेळा तरी येतेच येते. कोणीतरी नवाकोरा टायर घेऊन येतं आणि म्हणतं, बघा ना जरा, साईज तर बरोबर आणलीय पण चढतच नाहीये. साईज बरोबर नसते. म्हणजे इंचात बरोबर असते, मिलिमीटरमध्ये नसते. एकदा सगळं नीट लिहून टाकतो म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवून मी चहा प्यायला मोकळा.

आधी लक्षणं

खालच्यापैकी काही होत असेल तर तुमचा प्रॉब्लेम हाच आहे असं समजा.

पहिलं, टायरची एक बाजू कशीबशी चढते पण दुसरी बाजू शेवटच्या वीतभर जागेत अडकते, आणि ती ओढायला प्लास्टिकची पट्टी लावली की पट्टी वाकते किंवा तुटते. किंवा त्याच्याही आधी, पहिलीच बाजू रिमवर येत नाही, चारपाच बोटं अंतर राहतं.

दुसरं, बरोबर उलटं. टायर हाताने, एकदम लोण्यासारखा चढतो, तुम्ही खुश होता, आणि हवा भरताना एका जागी टायर फुगून रिमच्या बाहेर यायला लागतो. थांबला नाहीत तर ट्यूब बाहेर डोकावते आणि फुटते. हा आवाज बंद पार्किंगमध्ये कसा येतो ते ज्याने ऐकलंय त्यालाच माहीत. एकदा भर दुपारी आमच्या जिन्याखाली एक फुटला तर तळमजल्यावरच्या आजी सिलेंडर बघायला किचनमध्ये धावल्या होत्या.

तिसरं, टायर बसलाय, हवापण राहतेय, पण चाक फिरवलं की एका जागी उडी मारतं, चालवताना सीटखाली ठक ठक लागतं.

चौथं, सगळं छान बसलंय पण टायर मडगार्डला नाहीतर ब्रेकच्या शूला घासतोय. हे वेगळ्या कारणाने होतं, त्याच्याबद्दल शेवटाकडे.

मुळात गडबड काय आहे

लोक काय करतात, २६ इंच म्हणजे २६ गुणिले २५.४, झाले ६६० मिमी, आणि मग रिमला टेप लावून ६६० शोधत बसतात. ते कुठेच सापडत नाही. कारण तो २६ आकडा रिमचा नाहीच. तो हवा भरलेल्या टायरच्या बाहेरच्या व्यासाचा आकडा आहे, तोही अंदाजे, जुन्या काळापासून चालत आलेला. टायर जिथे बसतो ती रिमच्या आतली बैठक किती मोठी आहे हे त्या आकड्यात कुठेही सांगितलेलं नाही.

आता विचार करा, बाहेरून चाक साधारण २६ इंच राहायला हवं असेल तर जाड टायरला रिम लहान लागणार आणि बारीक टायरला रिम मोठी लागणार. तसंच झालंय. जाड माउंटन टायरवाल्या २६ इंची चाकाची बैठक ५५९ मिमी असते, त्यावर दोन्ही बाजूंना ५०-५० मिमी टायर धरा, झाले ६५९. आपल्याकडच्या लेडीज सायकलींना असतो त्या बारीक टायरची बैठक ५९० मिमी, वर दोन्ही बाजूंना ३७-३७, झाले ६६४. बाहेरून दोन्ही सव्वीसच. आत मात्र ३१ मिमीचा फरक. व्यासात ३१ म्हणजे घेरात सव्वासत्त्याण्णव मिमी, जवळपास दहा सेंटीमीटर. दहा सेंटीमीटर लहान असलेली स्टीलची तार तुम्ही कितीही जोर लावा, रिमवर चढणार नाही, आणि तार ताणली जात नाही, तिचं कामच ते आहे.

म्हणून इंचाचं मिलिमीटर करणं हे गुणाकाराचं काम नाहीये, ते ओळखण्याचं काम आहे. फक्त रुंदीचा गुणाकार चालतो, तोही ढोबळ.

चेक १: जुन्या टायरवर डॅशवाला आकडा शोधा (फुकट, दोन मिनिटं)

ओलं फडकं घ्या, टायरची बाजू पुसा, मोबाईलचा टॉर्च आडवा, एकदम तिरका धरा म्हणजे उठावाची अक्षरं सावलीने दिसतात. पावसाळ्यानंतर चिखल अक्षरांत बसलेला असतो तर जुना टूथब्रश मारा. मग पूर्ण फेरा वाचा, कारण इंचवाली साईज मोठ्या अक्षरात असते आणि आपल्याला हवी ती बहुतेक वेळा छोट्या अक्षरात, कधी दुसऱ्या बाजूला.

शोधायचं ते असं दिसतं: ३७-५९०, ४७-५५९, ४०-६३५. म्हणजे दोन आकडी, डॅश, तीन आकडी. याला ईटीआरटीओ साईज म्हणतात, आयएसओ ५७७५ हे स्टँडर्डपण हेच. पहिला आकडा टायरची रुंदी मिमीमध्ये, दुसरा आकडा बैठकीचा व्यास मिमीमध्ये.

हा चेक पहिला का, तर हा सापडला की बाकीचं निम्मं पुराण वाचायची गरज नाही. तीन आकडी आकडा नवीन टायरवर तंतोतंत तोच पाहिजे. जवळपास चालत नाही, दोनतीन मिमीने काय होतंय असं म्हणू नका. दोन आकडी रुंदी मात्र थोडी कमीजास्त चालते.

एक अडचण, जुनाच टायर कोणीतरी चुकीचा चढवलेला असू शकतो. लक्षण नंबर तीन जुन्या टायरला पहिल्यापासून होतं का हे सायकल चालवणाऱ्याला विचारा. होतं म्हणाला तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, रिम वाचा. काही रिमवर स्टिकर किंवा कोरलेला आकडा असतो, आतल्या बाजूला नाहीतर स्पोकच्या मध्ये, तिथेही हाच तीन आकडी आकडा येतो, त्याच्या शेजारी रिमच्या आतल्या रुंदीचा आकडा असतो, उदाहरणार्थ ५५९ आणि १९.

आणि फ्रेमवर लिहिलेले १८ इंच वगैरे बघून टायर आणू नका, तो फ्रेमचा साईज आहे. हसू नका, आलेत असे लोक माझ्याकडे, तिघे तरी.

चेक २: फक्त इंच लिहिलंय? मग अपूर्णांक आहे की पॉइंट, ते बघा

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि दुकानातही बऱ्याच जणांना माहीत नसतो. २६ × १.५ आणि २६ × १ १/२, शाळेच्या गणितात दोन्ही एकच. सायकलच्या दुनियेत ही दोन वेगळी चाकं आहेत. पॉइंटवालं ५५९ च्या बैठकीचं, अपूर्णांकवालं ५८४ च्या. पंचवीस मिमीचा फरक. तेव्हा दुकानदाराला फोनवर साईज सांगताना 'दीड' म्हणालात की संपलं, तो त्याच्याकडे असेल तो दीड देणार. 'एक पूर्णांक एक छेद दोन' म्हणा, नाहीतर सरळ फोटो पाठवा.

आपल्याकडे नेहमी भेटणाऱ्या साईज अशा बदलतात:

- २६ × १.७५, १.९५, २.१ (पॉइंटवाले): बैठक ५५९
- २६ × १ ३/८: बैठक ५९०
- २६ × १ १/२: बैठक ५८४
- २७.५ × कितीही: बैठक ५८४
- २८ × १ १/२ (जुनी काळी दांड्याच्या ब्रेकची सायकल): बैठक ६३५
- ७००सी, आणि २९ × कितीही: बैठक ६२२
- २४ × १.७५: बैठक ५०७, पण २४ × १ ३/८: बैठक ५४०
- २० × १.७५: बैठक ४०६, पण २० × १ ३/८: बैठक ४५१

यात गंमत बघा. २९ इंची माउंटन सायकल आणि बारीक टायरची ७००सी, दोघांची बैठक एकच, ६२२. आणि नावात २८ असलेली दूधवाल्याची सायकल त्या दोघांपेक्षा आतून मोठी, ६३५. इंच बघून तुम्ही हे सात जन्मात ओळखू शकणार नाही.

दुकानात आणि ऑनलाइन '२६टी', '२०टी' लिहितात त्यात तर अपूर्णांकही नसतो, पॉइंटही नसतो, त्यावरून टायर मागवणं म्हणजे '८ नंबरचे शूज द्या' म्हणण्यासारखं, भारतीय की अमेरिकन ते न सांगता. लहान मुलांच्या जाड टायरवाल्या २० इंची सायकली बहुतेक ४०६ च्या असतात, पण घडीच्या सायकलींमध्ये ४०६ आणि ४५१ दोन्ही येतात, तिथे अंदाज बांधूच नका.

चेक ३: अक्षरं पुसली गेलीत, मग मोजा (दोरा किंवा टेप, अर्धा तास)

समुद्राजवळ राहणाऱ्यांचं आणि गच्चीवर उन्हात सायकल ठेवणाऱ्यांचं हे होतंच, रबर तडकून अक्षरं जातात. मग दोन पद्धती आहेत, मी दोन्ही करतो आणि उत्तर जुळलं तरच टायर मागवायला सांगतो.

पहिली पद्धत जुन्या टायरवरून. टायर काढा. आतल्या कडेत स्टीलची तार असते, ती ताणत नाही म्हणून तिच्यावर भरवसा ठेवता येतो. कडेवर खडूने एक खूण करा, तिथून न ताणणारा दोरा कडेच्या आतून चिकटवत चिकटवत पूर्ण फेरा घ्या, चिकटपट्टीचे तुकडे लावत गेलात तर घसरत नाही. दोरा सरळ करून मोजा आणि ३.१४ ने भागा. शिवणकामाची टेप दीड मीटरचीच असते, ती पुरत नाही, म्हणून दोराच घ्या.

दुसरी पद्धत रिमवरून, आणि ही मला जास्त आवडते. टायर ट्यूब काढलेलं नागडं चाक घ्या. सरळ फरशीवर पुठ्ठ्याची लांब पट्टी टाका म्हणजे रिम खरवडत नाही. वॉल्व्हचं भोक बरोबर खाली आणा, पुठ्ठ्यावर पेन्सिलने रेघ मारा, चाक सरळ उभं धरून पुढे ढकला, भोक पुन्हा खाली आलं की दुसरी रेघ. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे रिमच्या बाहेरच्या काठाचा घेर. तीनदा करा आणि सरासरी घ्या, कारण चाक वाकडं चाललं तर आकडा चुकतो. त्याला ३.१४ ने भागा, काठाचा व्यास मिळाला. आता काठापासून आत बैठक किती खोल आहे ते स्टीलच्या छोट्या पट्टीने मोजा, साधारण ६ मिमी असते. मधली खोल नाली नाही हं, बाजूची सपाट पायरी, जिथे टायरची कड टेकते. ती खोली दोनदा वजा करा.

रेघांमधला आकडा एक सेंटीमीटरने चुकला तर व्यास ३ मिमीने चुकतो, त्यामुळे ५५९ की ५९० हे ओळखायला ही पद्धत आरामात पुरते, पण ५८४ की ५९० हे ओळखायचं असेल तर तिन्ही फेऱ्या नीट जुळायला पाहिजेत. या दोघांत घेराचा फरक फक्त १९ मिमीचा आहे.

आणि मोजून ५९२ आलं तर ५९२ शोधायला जाऊ नका, तशी साईज नसते. वरच्या यादीतला सगळ्यात जवळचा आकडा घ्या, ५८७ च्या आसपास लटकलात तर पुन्हा मोजा.

एक केस पूर्ण सांगतो

चौथ्या मजल्यावरच्या काकूंची सायकल, मुलीची जुनी, पुढे बास्केटवाली. मागचा टायर बाजूने तडकलेला. मुलाने ऑनलाइन '२६ इंच सायकल टायर' टाकलं, पहिला दिसला तो मागवला, २६ × १.७५. पंक्चरवाल्याने अर्धा तास झगडून बघितलं, म्हणाला टायर डुप्लिकेट आहे. टायर एकदम ओरिजिनल होता बिचारा. काकू वैतागून माझ्याकडे आल्या, म्हणाल्या, तू बघ रे, हा मुलगा काय आणतो देव जाणे.

नवीन टायरवर लिहिलं होतं ४७-५५९. जुन्यावर इंच वाचताच येत नव्हते, शेवटचा ८ दिसला फक्त. आठ दिसल्यावर मला शंका आलीच, कारण छेदात आठ म्हणजे अपूर्णांक. पण शंकेवर टायर आणायचा नसतो. चाक पुठ्ठ्यावर फिरवलं, तीन फेऱ्या आल्या १८८८, १८९३ आणि १८९०. सरासरी १८९०. भागिले ३.१४, साधारण ६०२. बैठकीची खोली ६, दोनदा वजा, ५९०. मग जुन्या टायरच्या कडेला दोरा लावला, १८५२ आला, भागिले ३.१४, पुन्हा ५९०. दोन्ही जुळले.

त्याच रात्री मुलाने चुकीचा परत केला आणि ३७-५९०, म्हणजे २६ × १ ३/८, दादरच्या एका दुकानातून आणला. तिथल्या माणसाने आधी २६ × १ १/२ पुढे केला होता, 'तेच आहे, थोडा जाड आहे' म्हणून. मुलाने बाजूचा छोटा आकडा वाचला, ५८४, आणि परत दिला. इथे तो फसला असता तर टायर अर्धवट चढला असता, कारण १९ मिमीच कमी आहे, लोखंडी पट्टी लावून जोर केला की चढेल असं वाटतं, आणि त्या नादात रिमचा काठ वाकतो किंवा टायरची तार तुटते. त्याहून वाईट म्हणजे उलटी जोडी, ५८४ च्या रिमवर ५९० चा टायर. तो हसतखेळत चढतो, कमी हवेत नीट दिसतो, आणि मग आजी सिलेंडर बघायला धावतात.

चेक ४: रुंदी (इथे गुणाकार चालतो)

तीन आकडी आकडा पक्का झाला की रुंदी बघायची. १.७५ गुणिले २५.४ म्हणजे ४४.५ मिमी, टायरवर मात्र बऱ्याचदा ४७ लिहिलेलं असतं. १ ३/८ म्हणजे १.३७५, गुणिले २५.४, झाले ३५ मिमी, टायरवर ३७. घाबरू नका, रुंदीचा आकडा नावापुरता असतो, आणि खरी रुंदी रिम किती रुंद आहे त्यावरही बदलते. रुंद रिमवर तोच टायर दोनतीन मिमी जास्त पसरतो.

मी ढोबळ हिशोब असा धरतो, रिमच्या आतल्या रुंदीच्या दीडपट ते सव्वादोनपट टायर. आत १९ मिमी असेल तर २८ पासून ४३ पर्यंत निवांत, त्याच्या पुढेही लोक वापरतात पण कमी हवेत टायर वळणावर डुलतो.

आता ते चौथं लक्षण. जाड टायर घेतला की तो फक्त आडवा वाढत नाही, उंचही वाढतो, साधारण तेवढाच. म्हणजे ३७ च्या जागी ४२ घातला तर मडगार्डकडे ५ मिमी जागा कमी होणार. जुना टायर बसलेला असताना चाक फिरवून सगळ्यात अरुंद जागा शोधा, फोर्कच्या वर, मागे चेनजवळच्या दोन नळ्यांमध्ये, ब्रेकच्या खाली. तिथे आत्ता किती मिमी मोकळी आहे ते बघा. मी दोन्ही बाजूंना कमीत कमी ५ मिमी तरी ठेवायला सांगतो, कारण जुलैमध्ये मुंबईच्या खड्ड्यातला चिखल आणि पानं त्या फटीत भरतात आणि चाक ब्रेक मारल्यासारखं अडकतं.

ट्यूबचं टेन्शन कमी आहे, ती रबराची, ताणते. ट्यूबच्या बॉक्सवर रुंदीची रेंज लिहिलेली असते त्यात तुमची रुंदी बसली आणि व्यास जवळपास असला की झालं. फक्त वॉल्व्ह जुन्यासारखाच घ्या. रिमचं भोक बारीक असेल तर मोटरसायकलवाला जाड वॉल्व्ह जाणार नाही, आणि भोक ड्रिलने मोठं करायचा उत्साह दाखवू नका.

चेक ५: नवीन टायर आल्यावर, चढवण्याआधी

पॅकिंग फाडायच्या आधी बाजूचा तीन आकडी आकडा वाचा. पुठ्ठ्याच्या लेबलवर एक आणि रबरावर दुसरं असं झालेलं बघितलंय मी, रबरावरचं खरं. मग जुना आणि नवीन टायर एकमेकांवर ठेवा, आतल्या कडा जुळवा. ५९० वर ५५९ ठेवला तर आतून दीड सेंटीमीटरची गोल पट्टी सगळीकडून दिसते, डोळ्यालाच कळतं. रिटर्नची मुदत गेल्यावर हे करण्यात अर्थ नाही म्हणून आल्या दिवशी करा.

चढवताना एक बाजू पूर्ण आत, मग ट्यूबमध्ये गोल होईल इतकीच हवा, मग दुसरी बाजू वॉल्व्हच्या समोरच्या टोकापासून सुरू करून वॉल्व्हपाशी संपवायची. घट्ट वाटलं तर आधी चढलेली कड रिमच्या मधल्या नालीत ढकला, ती नाली त्यासाठीच असते, तिथे व्यास लहान असतो म्हणून समोर ढील मिळते. बरोबर साईजचा टायरसुद्धा नालीचा वापर न करता चढवला तर चुकीच्या साईजसारखा वागतो, हे विसरू नका. नालीत ढकलूनही शेवटच्या चार बोटांना लोखंडी पट्टी लागतेय, तर थांबा आणि आकडा पुन्हा वाचा.

थोडी हवा भरा आणि चाक फिरवत बघा. टायरच्या बाजूला, रिमच्या अगदी जवळ, एक बारीक उठावाची रेघ सगळीकडून जाते. ती रेघ आणि रिमचा काठ यातलं अंतर सगळीकडे सारखं पाहिजे. एका जागी रेघ आत बुडाली असेल तर कड बैठकीवर आलेली नाही, हवा सोडा, त्या जागी साबणाचं पाणी लावा, हाताने चोळा, पुन्हा भरा. एका जागी रेघ खूप बाहेर आली असेल आणि टायर हाताने हलतोय, तर टायर मोठा आहे, पुढे एक पंपसुद्धा मारू नका. रेघ सारखी झाली की मगच टायरवर लिहिलेल्या प्रेशरपर्यंत जा, त्याच्या वर नाही.

इथे थांबा आणि दुकानात न्या

रिमच्या काठाला चीर असेल, किंवा ब्रेकच्या शूने काठ आतल्या बाजूला खोलगट झिजलेला असेल तर टायर कुठलाही आणा, हवेच्या दाबाने काठ फाटू शकतो. हे घरी होणारं काम नाही, रिम बदलायची आणि स्पोक पुन्हा बांधायचे, सायकल मेकॅनिककडे. पंक्चरवाला आणि चाक बांधणारा ही दोन वेगळी माणसं असतात, विचारून द्या.

लोखंडी रिमच्या आतली पट्टी काढल्यावर गंज पापुद्र्यांनी निघत असेल, स्पोकच्या डोक्याभोवती खड्डे पडले असतील, तिथेही तेच. माहीम, वर्सोवा अशा ठिकाणच्या सायकली बाहेरून चकचकीत आणि आतून अशा निघतात, खारी हवा. गंजाने बैठक फुगलेली असेल तर तुमचं मोजमापही चुकणार.

चाक फिरवल्यावर रिम स्वतःच वरखाली उडी मारत असेल तर ती उडी टायरची नाही. आधी चाक सरळ करून घ्या, मग टायर मोजा.

दोन्ही पद्धतींनी मोजून उत्तर जुळत नसेल, एकाने ५८४ आणि दुसऱ्याने ५९०, तर नुसतं चाक घेऊन दुकानात जा आणि तिथेच दोन्ही टायर लावून बघायला सांगा. फोटो नको, आकडा नको, चाक न्या. लोकलमध्ये गर्दी नसताना नेता येतं, डब्यात जागा असली तर.

आणि ट्यूबलेस चाक, कार्बनची रिम, किंवा टायर रिमला गोंदाने चिकटवलेली रेसिंग सायकल असेल तर वरचं काहीही करू नका. तिथे आकडा बरोबर असूनसुद्धा टायर आणि रिमची जोडी कंपनीने मान्य केलेली लागते, काही रिमना आत हूक नसतो आणि त्यावर ठराविकच टायर आणि ठराविकच प्रेशर चालतं. माझ्याकडे अशी एकच आली होती, मी चाकाला हातसुद्धा लावला नाही, त्या मुलाला सरळ ज्या दुकानातून घेतली तिथे पाठवलं.